‘लाईट कधी येणार?’ याचं उत्तर तयार कसं होतं

मे महिन्यातली रात्र, ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी. नऊ वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. चाळीस मिनिटांनी सगळ्यांच्या फोनवर एकच मेसेज आला: ‘तांत्रिक बिघाडामुळे आपल्या भागातील वीजपुरवठा खंडित झाला आहे. तो लवकरात लवकर पूर्ववत करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ साडेदहाला दुसरा: अकरापर्यंत येईल. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिसरा: साडेबारापर्यंत. पावणेएकला चौथा: दीडपर्यंत. त्यानंतर काहीच नाही. लाईट आली सव्वातीनला.

दरम्यान आमच्या सेक्रेटरींनी ‘अकरापर्यंत येईल’ या भरवशावर जनरेटरवर दोन्ही लिफ्ट, दोन्ही पंप आणि क्लबहाऊसचे दिवे चालू ठेवले. टाकीत साठेक लिटर डिझेल होतं आणि सगळं चालवलं की तासाला साधारण पंधरा लिटर जातं. एकच्या सुमारास जनरेटर आचके देऊन बंद पडला. त्या वेळी बी विंगमधल्या आजोबांना दवाखान्यातून आणत होते. चौदावा मजला. चौघांनी खुर्चीत बसवून जिन्याने चढवलं.

मी स्वतः एका वीज वितरण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं पाळ्या केल्या आहेत, त्यामुळे लाईट सहा तास गेली याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मला राग आला तो त्या चार मेसेजचा. दुसऱ्या दिवशी केबल दुरुस्तीसाठी खणलेल्या खड्ड्यापाशी जाऊन मी काम करणाऱ्यांशी बोललो आणि रात्रीचा क्रम जुळवला. तो इथे सांगतो, कारण कंपनीला कुठल्या क्षणी काय माहीत असतं हे कळलं की तिने आपल्याला काय सांगायला हवं होतं तेही कळतं.

## आधी एक रात्र, तासातासाने

सबस्टेशनमधून निघणाऱ्या मोठ्या केबलला फीडर म्हणतात. आमचा फीडर रस्त्याखालून जातो आणि वाटेत ठिकठिकाणी फुटपाथवर लोखंडी कपाटं आहेत. ‘धोका’ लिहिलेलं, कवटीचं चित्र असलेलं कपाट तुम्ही पाहिलं असेल. त्यात स्विच असतात, त्यामुळे केबलचा एखादा तुकडा दोन्हीकडून वेगळा काढता येतो. कर्मचारी त्याला आरएमयू म्हणतात, आपण कपाटच म्हणू. आमच्या फीडरवर अशी आठ कपाटं आहेत आणि शेवटचं कपाट शेजारच्या फीडरला जोडता येतं.

ही रचना लोकलसारखी आहे. कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये रूळ बंद पडला तर सीएसएमटीकडून गाड्या अलीकडपर्यंत येऊ शकतात आणि कल्याणकडून पलीकडपर्यंत. मधला तुकडा तेवढा बंद राहतो. केबलचं तसंच. पाचव्या आणि सहाव्या कपाटाच्या मध्ये फॉल्ट असेल तर एक ते पाच आपल्याच सबस्टेशनवरून चालू करायची, आणि सहा ते आठ शेजारच्या फीडरवरून उलट्या बाजूने. याला बॅकफीड म्हणतात.

त्या रात्री नऊ दहाला फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. सबस्टेशनमधल्या रिलेवर, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या यंत्रावर, ‘अर्थ फॉल्ट’ दिसला, म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत जातोय. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. लाईनमन मोटरसायकलवर निघाले. प्रत्येक कपाटावर फॉल्टचा करंट तिथून गेला की नाही हे दाखवणारा एक छोटा दिवा असतो. पाचव्या कपाटावर तो लुकलुकत होता, सहाव्यावर नव्हता. मधला तुकडा दोन्हीकडून उघडून मेगर लावला (इन्सुलेशन शाबूत आहे की नाही ते मोजायचं यंत्र), तर एका फेजचं इन्सुलेशन जवळपास शून्य. सव्वादहाला पहिली पाच कपाटं चालू झाली. शेजारच्या फीडरवरून आठवं आणि सातवं मिळून पावणेअकराला. सहावं राहिलं. आम्ही सहाव्यावर.

का राहिलं? मे महिना, रात्रीचे अकरा, घराघरात एसी. शेजारचा फीडर आधीच काठोकाठ भरलेला होता. आणखी एक कपाट त्याच्यावर टाकलं असतं तर तोही बसला असता आणि अंधाराचा भाग दुप्पट झाला असता.

म्हणजे पावणेअकराला कंट्रोल रूममध्ये पुढच्या गोष्टी पक्क्या माहीत होत्या. बिघाड केबलचा आहे. तो पाच आणि सहाच्या मध्ये आहे. अंधारात फक्त सहाव्या कपाटावरचे ग्राहक आहेत. जमिनीखालच्या केबलचं काम म्हणजे सकाळ उजाडणार. यातली एकही गोष्ट आमच्या फोनवर आली नाही. आली ती ‘साडेबारापर्यंत’.

तो आकडा आला कुठून? बहुतेक ठिकाणी तक्रार नोंदवणारी संगणक प्रणाली बिघाडाच्या सरासरीवरून एक वेळ आपोआप भरते. सगळे बिघाड एकत्र धरले तर बहुसंख्य फ्यूज उडण्यासारखे किरकोळ असतात, म्हणून सरासरी तास-दीड तासाच्या आसपास येते. ती वेळ टळली की प्रणाली पुन्हा तेवढीच मिनिटं पुढे ढकलते. माणसाने त्यात हात घातला नाही तर ती रात्रभर हेच करत राहते. तुम्हाला एकामागून एक ‘आणखी एक तास’ येत असेल, तर खुशाल समजा की जागेवरचा कुठलाही माणूस त्या मेसेजला जोडलेला नाही.

## केबल दुरुस्त व्हायला एवढा वेळ का लागतो

अंदाजित वेळ कशी निघते हे समजण्यासाठी एवढं पाहावंच लागेल.

पाच आणि सहा या कपाटांत सातशे मीटर केबल आहे आणि ती मीटरभर खोल आहे. सगळा रस्ता खणता येत नाही. म्हणून केबल टेस्टिंग व्हॅन येते. पहिलं यंत्र केबलमध्ये विजेचा एक बारीकसा ठोका पाठवतं आणि फॉल्टवर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजतं. आजच्या प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलमध्ये हा ठोका एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, साधारण १६५ मीटर जातो. प्रतिध्वनी ५ मायक्रोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन ८२५ मीटर झाले, त्याचं निम्मं म्हणजे सुमारे ४१२ मीटरवर फॉल्ट.

पण ते ४१२ मीटर केबलच्या लांबीचे, रस्त्याच्या नाहीत. केबल सरळ रेषेत जात नाही. झाडाला वळसा, गटाराखालून बुडी, कपाटापाशी गुंडाळी. म्हणून दुसरं यंत्र येतं, थंपर. ते दर काही सेकंदांनी केबलमध्ये मोठा झटका सोडतं आणि फॉल्टच्या जागी जमिनीखाली ‘ठप्प’ असा आवाज होतो. एक माणूस कानाला हेडफोन लावून, हातातला माइक जमिनीला टेकवत, त्या आवाजाच्या मागे पावलापावलाने चालतो. आमच्याकडे रात्री गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग असते. कंटेनर आला की तो थांबायचा, गेला की पुन्हा वाकायचा. त्याला नेमकी जागा सापडली साडेबाराला.

मग खोदकाम. खड्ड्यात एक केबल नसते, तीन-चार शेजारीशेजारी निघतात, सगळ्या सारख्याच मातकट. चुकीची कापली तर माणूस जागेवर जातो. म्हणून आपली केबल ओळखून, कापण्याआधी तिच्यात लांबून खिळा घुसवून ती खरंच मेलेली आहे याची खात्री करतात. यात वीस मिनिटं गेली म्हणून कुणी कुरकुर करू नये.

त्यानंतर जॉइंट. जॉइंटर केबलचं बाहेरचं आवरण, पोलादी चिलखत, तांब्याची पट्टी, काळा थर आणि आतलं इन्सुलेशन असं एकेक करून मोजून सोलतो, तिन्ही गाभे जोडतो, त्यावर नळ्या चढवतो आणि गॅसच्या ज्योतीने त्या आकसवून घट्ट बसवतो. घामाचा थेंब किंवा धूळ आत राहिली तर तोच जॉइंट काही महिन्यांनी फुटतो. एका जॉइंटला सहज चार तास जातात. आणि जळालेला भाग कापल्यावर दोन टोकं एकमेकांना पोचत नसतील तर मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. मग जॉइंट दोन. ते खड्डा उघडल्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात तर खड्डा खणला की पाण्याने भरतो. आधी पंप लावून उपसा, वरून ताडपत्री, आणि केबलमध्ये पाणी चढलं असेल तर कोरडी जागा लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं. जुलैत मीही अंदाज देताना वरची मर्यादा सैल ठेवायचो.

## मग वेळ सांगायची तरी कधी आणि कशी?

वरच्या क्रमात एक गोष्ट दिसते. पहिल्या तासात कुठलीही वेळ सांगणं म्हणजे हवेत गोळी मारणं. फ्यूज असेल तर अर्धा तास, केबल असेल तर दहा. या टप्प्यावर आकडा देऊच नये. पण मेसेज मात्र दहा मिनिटांत जायलाच हवा, आणि त्यात तीन गोष्टी पुरेत: कुठला भाग, किती वाजल्यापासून, आणि पुढचा मेसेज किती वाजता. लाईट कधी येणार हे कंपनीच्या हातात पूर्णपणे नसतं. पुढचा मेसेज कधी जाणार हे मात्र शंभर टक्के तिच्याच हातात असतं. तो शब्द पाळला की लोक बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवतात. मी हे पाळीवर असताना शिकलो आणि ते शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

फॉल्ट असलेला तुकडा कळला की पहिला खरा अंदाज देता येतो, तोही पट्ट्यात. पावणेअकराचा आमचा हिशेब असा व्हायला हवा होता: जागा शोधायला दोन तास, म्हणजे पाऊण-एक, खोदायला आणि केबल ओळखायला दीड तास, जॉइंटला चार, चाचणी आणि चालू करायला अर्धा. झाले सकाळचे साडेसहा-सात. सगळं सुरळीत गेलं तर पाच, दुसरा जॉइंट निघाला आणि जोडीला दुसरा जॉइंटर मिळाला तर आठ. म्हणून ‘पहाटे ५ ते ८’. मधला एकच आकडा द्यायचा नाही, आणि सर्वांत चांगली शक्यता तर मुळीच द्यायची नाही. साहेब लोकांना तीच द्यावीशी वाटते, हे वेगळं.

नेमकी जागा सापडली की पट्टा अरुंद होतो. खड्डा उघडून जॉइंट एक की दोन हे कळलं की आणखी अरुंद. म्हणजे नवा मेसेज पाठवायच्या जागा आपोआप ठरतात: तुकडा कळला, जागा सापडली, खड्डा उघडला, जॉइंट झाला. मधल्या काळात काहीच बदललं नाही तरी ठरलेल्या वेळी एक ओळ जावी: ‘खोदकाम सुरू, अंदाज तोच.’ बदल नाही ही पण बातमीच आहे. ती नसली की लोक असं धरून चालतात की आपल्याला विसरले.

## ‘पण समोरच्या बिल्डिंगला लाईट आहे, आम्हालाच का नाही?’

आमच्या ग्रुपवर त्या रात्री सर्वांत जास्त संताप याच वाक्यावर निघाला. समोरची बिल्डिंग पाचव्या कपाटावर, आम्ही सहाव्यावर. रस्ता चाळीस फूट, पण विजेच्या नकाशावर आम्ही वेगवेगळ्या गावांत. कुणीतरी लिहिलं की तिकडे नगरसेवक राहतो. झालं. पुढचा तासभर तोच विषय.

‘शेजारच्या लाईनवर जागा नाही म्हणून तुमचा भाग थांबवलाय’ ही एक ओळ तिथे पुरली असती. ती ओळ कंपन्या लिहीत नाहीत, कारण त्यातून आपली केबल अपुरी आहे हे कबूल होतं असं त्यांना वाटतं. ते खरंही आहे. पण लपवून ते लपत नाही, नुसता नगरसेवक बदनाम होतो.

आणि या ओळीचा आणखी एक फायदा होता. आम्हाला लाईट सव्वातीनला आली ती केबल दुरुस्त होऊन नाही. तेव्हा जॉइंटर नुकताच पहिली नळी चढवत होता. तीनच्या सुमारास हवा जरा उतरली, एसी सावकाश झाले, शेजारच्या फीडरवर जागा झाली आणि आमचं कपाट तिकडे वळवलं. केबल सकाळी आठला तयार झाली. दुरुस्ती होणं आणि लाईट येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाला दुसरीशीच घेणं असतं. आधीच सांगितलं असतं तर निम्म्या सोसायटीने आपण होऊन एसी सोडून पंखे लावले असते असं मी म्हणणार नाही. शेजारच्या फीडरवरचे लोक कशाला लावतील? पण निदान अंधारात बसलेल्याला आपण कशाची वाट पाहतोय ते कळलं असतं.

## ‘कारण सांगून आम्ही काय करणार?’

हा आक्षेप मी घरातच ऐकला. लाईट गेली एवढं पुरेसं आहे, का गेली ते इंजिनिअरने बघावं.

पण कारणाचे दोन मजले असतात. पहिला: काय बिघडलं. फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, केबल, की वरूनच वीज नाही. हे लवकर कळतं आणि यावरूनच ग्राहक वेळेचा मनात अंदाज बांधतो. केबल म्हटलं की आमचे सेक्रेटरी जनरेटरची एक लिफ्ट चालू ठेवून बाकी सगळं बंद करतील आणि तेच साठ लिटर डिझेल सकाळपर्यंत पुरवतील. ‘तांत्रिक बिघाड’ म्हटल्यावर ते काय करणार? बिघाड तांत्रिकच असणार, आध्यात्मिक तर नसणार.

वरूनच वीज नसणं हा प्रकार ठाणेकरांनी १२ ऑक्टोबर २०२० ला अनुभवला आहे. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, लोकल रुळावर उभ्या राहिल्या. बिघाड कळवा आणि पडघा यांना जोडणाऱ्या ४०० केव्हीच्या उच्चदाब वाहिन्यांशी निगडित होता. अशा वेळी ‘हा बिघाड तुमच्या भागातला नाही’ हे पहिल्या मेसेजात आलं तर वॉर्डातल्या ऑफिसवर मोर्चा नेण्यात अर्थ नाही हे कळतं, आणि तिथला फोन खऱ्या स्थानिक तक्रारीसाठी मोकळा राहतो.

दुसरा मजला: ते का बिघडलं. हे रात्री कुणालाच माहीत नसतं आणि ते रात्री सांगूही नये. ‘कुणीतरी जेसीबी मारला’ असं अंदाजाने लिहिलं आणि सकाळी जुना जॉइंट फुटलेला निघाला तर ज्याच्यावर बोट दाखवलं तो कंत्राटदार सोडणार नाही, आणि ग्राहकही पुढच्या वेळी हसतील. हे कारण दुसऱ्या दिवशी, खात्री झाल्यावर, एका ओळीत सांगावं.

## ‘वेळ चुकली की शिव्या बसतात, त्यापेक्षा न सांगितलेली बरी’

हा आक्षेप कंपनीच्या आतला. मी तो कित्येक मीटिंगमध्ये ऐकला आहे आणि त्यात थोडं तथ्य आहे. दिलेली वेळ हुकली की राग जास्त येतो. न सांगता उशीर झाला तर तेवढा येत नाही.

मात्र न सांगण्याची सोय आता नियमातही राहिलेली नाही. केंद्र सरकारचे वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० सांगतात की अचानक बिघाड झाला तर ग्राहकांना एसएमएसने किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने ताबडतोब कळवायचं, त्यात पुरवठा सुरू होण्याची अंदाजित वेळ द्यायची, आणि हीच माहिती कॉल सेंटरकडेही असायला हवी. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. कारण एसएमएस म्हणतो दीड, कॉल सेंटरची मुलगी म्हणते ‘सर, टीम कामावर आहे’, आणि लाईनमन म्हणतो सकाळ, हा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे.

उलट टोकाला जाऊन ‘सकाळी १०’ असं फुगवून सांगणंही चूकच. मेसेज वाचून कुणी लहान मुलांना घेऊन कळव्याला माहेरी निघून जातं आणि अर्ध्या वाटेत असताना लाईट येते. दोन-तीनदा असं झालं की तुमचं ‘१०’ लोक मनातल्या मनात ‘५’ करून वाचतात.

## सत्तर अक्षरांत काय काय मावतं

आता थोडं बारीक. इंग्रजी एसएमएस एका भागात १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत ७०. दोन भागांचा केला तर प्रत्येकी ६७. आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, हे सगळं फोन वेगळं मोजतो. ‘ठाण्यातल्या’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशेबाने अकरांचा आहे. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ याला चोवीस जागा लागतात. म्हणजे एक तृतीयांश मेसेज दिलगिरीत गेला.

हाच मेसेज बघा:

‘वाघबीळ लाईट: केबल फॉल्ट. अंदाज पहाटे ५ ते ८. पुढचा मेसेज १ वाजता.’

पासष्ट. भाग, कारण, वेळ, पुढची भेट. कंपनीचं नाव घालायचं तर दोन भाग होतील, होऊ देत.

गंमत अशी की हा मजकूर रात्री अकराला सुचून उपयोग नाही. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे कंपन्यांना एसएमएसचे साचे आधी नोंदवून ठेवावे लागतात. बदलत्या जागा तेवढ्या रिकाम्या सोडायच्या. ज्याने साचा नोंदवताना ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हे शब्द छापून ठेवले आणि कारणासाठी मोकळी जागाच ठेवली नाही, त्याच्या पाळीवरच्या माणसाला सगळं माहीत असूनही ते लिहिता येत नाही. त्या रात्रीच्या चार मेसेजमध्ये मला याचाच वास आला.

## मेसेज लिहायचा कुणी?

लाईनमनने नाही. खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा फोन वाजता कामा नये. आमच्याकडे पद्धत अशी होती की जागेवरच्या इंजिनिअरने टप्पा बदलला की कंट्रोलला एक फोन करायचा, तीन-चार शब्दांचा. ‘जागा सापडली, खोदतोय.’ बाकी सगळं कंट्रोलमधल्या एका माणसाने करायचं, आणि त्या पाळीत त्याला स्विचिंगचं, म्हणजे कुठले स्विच कधी उघडायचे-लावायचे याचं, काम द्यायचं नाही. एकाच माणसाकडे दोन्ही असेल तर तो स्विचिंगच करेल, आणि केलंही पाहिजे.

मेसेज योग्य माणसाला जाण्यासाठी मात्र प्रत्येक मीटर कुठल्या कपाटावर आहे याची यादी ताजी लागते. त्यात आपलाही वाटा आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत कितीतरी फ्लॅटचं मीटर अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नंबरवर आहे. भाडेकरू घणसोलीला अंधारात आणि ‘तुमचा पुरवठा पूर्ववत झाला’ हा मेसेज मालकाला पुण्यात, ऐन दिव्याखाली.

## लाईट आल्यावरचा मेसेज

तो सर्वांत जास्त विसरला जातो. सव्वातीनला आमची लाईट आली आणि चार मिनिटांत ए विंगची पुन्हा गेली. सहा तास बंद असलेले सगळे एसी आणि फ्रिज एकदम सुरू होतात, तेव्हा लोड नेहमीपेक्षा बराच जास्त चढतो आणि एखादा फ्यूज उडतो. कंट्रोलच्या पडद्यावर फीडर चालू दिसतो, त्यामुळे त्यांच्या लेखी विषय संपलेला. ए विंगला वाटतं की कंपनीला माहीत आहेच. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. आमच्याकडे साडेपाचला कुणीतरी १९१२ ला फोन केला तेव्हा ते सुटलं. ‘लाईट आली. १५ मिनिटं एसी लावू नका. तुमच्याकडे नसेल तर १९१२’ एवढं त्या क्षणी गेलं असतं तर ते दोन तास वाचले असते.

सकाळी साडेनऊला मी खड्ड्यापाशी गेलो तेव्हा माती टाकायचं काम चालू होतं. कापून काढलेला केबलचा हातभर तुकडा कडेला पडला होता. त्यात रुपयाएवढं काळं भोक, आणि त्याच्या शेजारी पोलादी चिलखतावर एक दबलेली चकचकीत खाच. आमच्या वॉचमनने विचारलं, ‘काय झालं होतं हो?’ जॉइंटरने हात पुसत सांगितलं, ‘मागं कधीतरी जेसीबीचा दात लागला असणार. पाणी मुरत राहिलं, काल लोडवर फुटला.’

वॉचमनने ते पहिल्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं आणि दहा वाजेपर्यंत दोन्ही विंगला माहीत झालं. कंपनीचा मेसेज दुपारी आला: तांत्रिक बिघाड दूर करण्यात आला आहे.